गिऱ्हाईक दारात आणि आपणच आडवे: फोनवरच्या पॉपअपमधलं काय ठेवायचं, काय काढायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एका दुकानाच्या वेबसाइटचे फोनवरचे पहिले वीस सेकंद दाखवले. व्हिडिओ छोटा ठेवायचा होता, त्यामुळे "काय काढलं" एवढंच सांगून झालं, "का काढलं" ते राहिलं. ते इथे सविस्तर लिहितो. आणि सुरुवातीलाच एक कबुली देतो. त्या वीस सेकंदांत जे सहा अडथळे दिसले, त्यातले दोन बसवायला जुन्या एका बॅचमध्ये मीच सांगितलं होतं. त्यामुळे आजचा लेख थोडा माझ्याच जुन्या सल्ल्याविरुद्ध आहे.

ताईंना आलेला फोन

सांगलीकडच्या एक ताई आहेत. भाजणी, मेतकूट, मसाले आणि दिवाळीत फराळ असा घरगुती व्यवसाय. वेबसाइट वर्डप्रेसवर, दुकान वूकॉमर्सवर. एक दिवस त्यांना नाशिकहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला: "ताई, तुमच्या साइटवर बटणच दाबलं जात नाहीये. तुम्ही आपली फोनवरच ऑर्डर घ्या ना."

ताईंनी लगेच स्वतःच्या फोनवर साइट उघडली. सगळं व्यवस्थित. "तुमचं नेट स्लो असेल हो," असं सांगून त्यांनी ऑर्डर वहीत लिहून घेतली. त्याच आठवड्यात तसाच दुसरा फोन आला, मग तिसरा. तेव्हा त्यांनी मला विचारलं, "सर, काहीतरी बिघडलंय का?"

बिघडलं काहीच नव्हतं. साइट जशी बनवली होती तशीच चालत होती. फक्त ताईंना ती जशी दिसत होती, तशी गिऱ्हाइकाला दिसत नव्हती. कारण साधं आहे. ताई कायम लॉग-इन असतात आणि बरीच प्लगइनं मालकाला पॉपअप दाखवतच नाहीत. शिवाय कुकीची पट्टी त्यांनी एकदा बंद केली की ब्राउझर ते लक्षात ठेवतो. म्हणजे स्वतःच्या घराचा उंबरा आपल्याला कधी लागत नाही, ठेच पाहुण्यालाच लागते.

म्हणून पहिलं काम हे: ज्या फोनवर तुमची साइट कधीच उघडलेली नाही, असा फोन घ्या. शेजाऱ्यांचा, भाच्याचा, कोणाचाही चालेल. फक्त भारीतला नको, साधा अँड्रॉइड घ्या. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या. स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा. साइटचं मुखपृष्ठ उघडू नका, थेट एखाद्या वस्तूचं पान उघडा, कारण गूगलवरून किंवा व्हॉट्सअपच्या लिंकवरून येणारा माणूस तिथेच उतरतो. आणि मग वीस सेकंद कशालाही हात लावू नका. नुसतं बघा.

ब्राउझरच्या `Incognito` खिडकीतही हे बरंचसं दिसतं. पण क्रोममध्ये "सूचना पाठवू का?" ही परवानगीची चौकट तिथे येत नाही, म्हणून नवा फोनच बरा.

वीस सेकंदांत काय काय आलं

ताईंच्या मेतकुटाच्या पानावर क्रमाने हे आलं. पान उघडताच ब्राउझरची चौकट: ही साइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते. तिच्यामागे खालच्या बाजूला कुकीची पट्टी, चार ओळी इंग्रजी मजकूर आणि एकच बटण, `Accept`. पाचव्या सेकंदाला पूर्ण पडद्यावर "१०% सूट मिळवा, ईमेल टाका". आठव्या सेकंदाला उजव्या कोपऱ्यात चॅटचा गोळा, त्यातून निघालेला फुगा: "नमस्कार! आम्ही ऑनलाइन आहोत." डाव्या कोपऱ्यात व्हॉट्सअपचं हिरवं बटण. आणि बाराव्या सेकंदाला त्या हिरव्या बटणावर सरकत आलेली पट्टी: "पुण्यातून कोणीतरी आत्ताच मेतकूट घेतलं!"

हे झाले सहा. आता पडद्याचा हिशेब बघा. साध्या अँड्रॉइड फोनचा पडदा वेबसाइटच्या मापात साधारण ३६० रुंद आणि ८०० उंच असतो. वरची घड्याळाची पट्टी, ब्राउझरचा पत्ता आणि खालचा भाग गेला की साइटला साधारण ६६० उंची मिळते. ताईंच्या साइटचं डोकं, म्हणजे लोगो आणि "४९९ च्या वर डिलिव्हरी मोफत" ही पट्टी, मिळून १०० घेत होतं. कुकीची पट्टी १९०. राहिले ३७०. त्यात मेतकुटाचा फोटो, नाव, भाव, वजन निवडायची जागा. आणि "कार्टमध्ये टाका" हे बटण? ते ताईंनी मुद्दाम पडद्याच्या तळाला चिकटवून घेतलं होतं, सतत दिसावं म्हणून. तेच नेमकं कुकीच्या पट्टीखाली गाडलं गेलं होतं. नाशिकचं गिऱ्हाईक दाबत होतं ते बटण नव्हतंच, ती पट्टी होती.

तुम्ही म्हणाल, पट्टी बंद केली की झालं. पण पट्टीचं `Accept` उजव्या बाजूला होतं आणि त्यावर चॅटचा गोळा बसला होता. `Accept` दाबायला गेलं की चॅट उघडायचं. लॅपटॉपवर हेच सगळं चार कोपऱ्यांत ऐसपैस मावत होतं. फोनला चार कोपरे नसतात हो, खालची एकच कड असते आणि सगळ्यांना तीच हवी असते.

हे एकमेकांवर का चढतात?

ही सहाही साधनं वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या वर्षी बसवलेली. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. वेबपानावर कोण वर आणि कोण खाली हे एका आकड्याने ठरतं, त्याला `z-index` म्हणतात. ज्याचा आकडा मोठा तो वर. आता प्रत्येक प्लगइन बनवणाऱ्याला वाटतं की आपलंच वर दिसलं पाहिजे. म्हणून कोणी 9999 टाकतो, कोणी 999999. काही चॅटवाले तर सरळ शेवटचा आकडाच टाकतात:

```css
z-index: 2147483647;
```

याच्यावर आकडा नाहीच. बिचारं तुमचं "कार्टमध्ये टाका" बटण थीमने बनवलेलं, त्याचा आकडा शंभराच्या आत. ते या शर्यतीत कधीच जिंकणार नाही. म्हणजे तुम्हाला पैसे देणारं एकमेव बटण सगळ्यात खाली, आणि बाकीचे त्याच्या डोक्यावर.

म्हणून "याला थोडं वर सरकवू, त्याला थोडं डावीकडे घेऊ" हा उपाय मला पटत नाही. आज सरकवलं, उद्या प्लगइन अपडेट झालं की परत तेच. जागा नीट लावण्याआधी संख्या कमी करा.

ठरवायचं कसं? प्रत्येकाला दोन प्रश्न

ताईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही सहाही नावं कागदावर लिहिली आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारले. पहिला: हे नसेल तर गिऱ्हाइकाचं काय अडेल? लक्षात घ्या, आपलं नाही, गिऱ्हाइकाचं. दुसरा: जर काही अडत असेल, तर ते तरंगतच ठेवायला हवं का, की पानातच एका जागी बसवून चालेल?

पहिल्याचं उत्तर "काहीच नाही" असेल तर ते काढायचं. "अडेल, पण पानात चालेल" असेल तर पानात बसवायचं. दोन्ही कसोट्यांना उतरलं तरच ते तरंगू द्यायचं. आता एकेक घेऊ.

*सूचनेची परवानगी.* काढली, चर्चाच नाही. ज्या माणसाने अजून मेतकुटाचा भावही वाचला नाही, तो तुमच्या सूचना कशाला मागेल? आणि त्याने एकदा "ब्लॉक" दाबलं की ब्राउझर तुम्हाला पुन्हा विचारूच देत नाही. तो माणूस स्वतः सेटिंगमध्ये जाऊन बदलेल तरच. म्हणजे घाई करून तुम्ही तो दरवाजा स्वतःच लावून घेता. आयफोनवाल्यांच्या बाबतीत तर साइट होम स्क्रीनवर जोडल्याशिवाय अशा सूचना चालतच नाहीत. ताईंची गिऱ्हाइकं ऑर्डरची खबर व्हॉट्सअपवरच विचारतात, त्यामुळे कोणाचंच काही अडणार नव्हतं.

*"पुण्यातून कोणीतरी आत्ताच घेतलं."* मी ताईंना विचारलं, ही खरी विक्री आहे का? त्या गप्प झाल्या. प्लगइनमध्ये गावांची यादी भरलेली होती आणि ते आपोआप फिरवून दाखवत होतं. मंडळी, हा नुसता पडद्याच्या जागेचा प्रश्न नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक सूचना अधिसूचित केल्या, त्यात तेरा प्रकार दिलेत. वस्तूला खोटी मागणी आहे असं भासवणं हा त्यातल्या "खोटी घाई" या प्रकारात येतो. नको म्हणायची सोय न देता सूचना चालू करा, कुकी स्वीकारा असं सारखं विचारत राहणं हेही "पिच्छा पुरवणं" म्हणून त्या यादीत आहे. ताईंचा सगळा धंदा "घरचं आणि खरं" या शब्दांवर उभा आहे. त्या शब्दांशेजारी खोटी पट्टी? त्याच दिवशी काढली.

*चॅट.* ताई सकाळी सहापासून भाजणीच्या कामात. चॅटला उत्तर द्यायला रात्री नऊ वाजतात, तेही आठवण आली तर. आणि फुगा म्हणतो, "आम्ही ऑनलाइन आहोत." आम्ही चॅटचा जुना हिशेब उघडला. बरेच प्रश्न उत्तराविना पडलेले. एक बाई विचारत होत्या, मेतकुटात शेंगदाणे आहेत का, मुलाला चालत नाहीत. त्यांना उत्तर मिळालंच नव्हतं. हे वाचून ताई दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. चॅट ठेवायचं तर समोर माणूस बसलेला हवा. नसेल तर तो गोळा म्हणजे रिकाम्या गल्ल्यावर ठेवलेली घंटी आहे. चॅट काढलं. आणि "यात काय काय आहे" ही यादी प्रत्येक वस्तूच्या पानावर भावाच्या खालीच टाकली. तो प्रश्न मुळात विचारायची वेळच यायला नको होती.

*व्हॉट्सअप.* हे ठेवलं, कारण ताई ते दिवसभर बघतात आणि गिऱ्हाइकांना त्याची सवय आहे. पण दुसरा प्रश्न विचारला: तरंगायला हवं का? वस्तूच्या पानावर नको. तिथे तळाच्या कडेवर फक्त "कार्टमध्ये टाका" राहील. त्यामुळे व्हॉट्सअप आता पानातच, घटकांच्या यादीखाली एका ओळीत आहे: "काही विचारायचंय? ताईंना व्हॉट्सअप करा." त्यासाठी प्लगइनही लागत नाही. साधी लिंक पुरते:

```html
<a href="https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Metkut%20250g%20baddal%20vicharaycha%20aahe">
  ताईंना व्हॉट्सअप करा
</a>
```

`91` नंतर तुमचा दहा आकडी नंबर. आधी अधिक चिन्ह किंवा शून्य टाकायचं नाही, मध्ये मोकळी जागाही नको. `text=` नंतर जे लिहाल ते गिऱ्हाइकाच्या चौकटीत आधीच टाइप होऊन येतं. याचा फायदा असा की निरोप आला की ताईंना लगेच कळतं, कुठल्या वस्तूबद्दल विचारतायत. मुखपृष्ठावर मात्र हिरवं बटण तरंगतं ठेवलंय, कारण तिथे तळाला दुसरं कोणी नाही.

सुटीचा पॉपअप: इथे मी चुकलो होतो

"पहिल्या ऑर्डरवर १०% सूट, ईमेल द्या" हा सल्ला माझाच. त्यामुळे याचा हिशेब मी जरा जास्तच बारकाईने काढला. वूकॉमर्समध्ये कूपनच्या यादीत `Usage / Limit` असा रकाना असतो. कूपन किती वेळा वापरलं ते तिथे दिसतं. ताईंचं कूपन ३१ वेळा वापरलं गेलं होतं. आम्ही त्या ३१ ऑर्डर एकेक उघडल्या आणि ताई नावं वाचत गेल्या. "या तर जुन्या." "यांना मी ओळखते, दर महिन्याला घेतात." ३१ पैकी २२ जण आधीपासूनची गिऱ्हाइकं निघाली. आधी फोनवर ऑर्डर द्यायचे, साइटवर पहिल्यांदाच आले, म्हणून प्लगइनच्या लेखी नवीन. सरासरी ऑर्डर ६०० ची धरली तर प्रत्येकी ६० रुपये, म्हणजे १३२० रुपये आपण अशा लोकांना दिले जे पूर्ण भावानेही घेणारच होते. नवीन गिऱ्हाइकं नऊ. आणि पॉपअप बघून किती जण परत गेले, तो आकडा कुठेच लिहिलेला नसतो.

मी असं म्हणत नाही की पॉपअप कोणालाच चालत नाही. नऊ नवीन गिऱ्हाइकं म्हणजे शून्य नाही. ज्यांचा माल महाग आहे, विचार करून घ्यायचा आहे, त्यांना नंबर किंवा ईमेल मिळणं मोलाचं असतं. पण मेतकुटाचं पाकीट घ्यायला कोणी महिनाभर विचार करत नाही. ताईंनी सूट पॉपअपमधून काढून ऑर्डर झाल्यावरच्या "धन्यवाद" पानावर नेली: पुढच्या ऑर्डरला सूट हवी असेल तर ईमेल द्या. त्या पानावर येणारा माणूस आधीच पैसे देऊन झालेला असतो, त्याची वाट अडत नाही.

तुम्हाला पॉपअप ठेवायचाच असेल तर अटी सांगतो. आल्या आल्या नाही, माणसाने दुसरं पान उघडल्यावर. कार्ट आणि पैसे भरायच्या पानावर कधीच नाही. एकदा बंद केला की महिनाभर परत नाही. बंद करायची फुली बोटाला सापडेल एवढी, साधारण ४८ बाय ४८ ची. आणि "नको" या बटणावर "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असलं काही लिहू नका. असं लाजवणंही त्याच तेरा प्रकारांत आहे. शिवाय गूगलने जानेवारी २०१७ पासून सांगून ठेवलंय की शोधातून येणाऱ्याला फोनवर लगेच पडदाभर पॉपअप दाखवणारी पानं निकालांत मागे पडू शकतात. कुकीसारख्या कायद्याने लागणाऱ्या सूचनेला त्यात सूट आहे, दहा टक्क्यांच्या पॉपअपला नाही.

कुकीची पट्टी: आधी ती ज्यासाठी आहे ते बघा

ही पट्टी बहुतेकांनी "सगळ्यांच्या साइटवर असते" म्हणून लावलेली असते. ताईंनीही तशीच. पण ही पट्टी म्हणजे शोभेची पाटी नाही. गिऱ्हाइकाची माहिती गोळा करण्याआधी विचारायचं, एवढंच तिचं काम. ती खरंच विचारते का, हे तपासता येतं.

लॅपटॉपवर क्रोममध्ये नवी `Incognito` खिडकी उघडा, साइटवर जा, `F12` दाबा, `Application` मध्ये `Cookies` बघा. पट्टीला हात लावू नका. `_ga` नावाची नोंद दिसली तर गूगल अ‍ॅनालिटिक्स आधीच सुरू झालंय. `_fbp` दिसली तर फेसबुकच्या जाहिरातीचा पिक्सेल सुरू झालाय. ताईंच्या साइटवर दोन्ही होत्या. म्हणजे पट्टी विचारत होती आणि उत्तराची वाट न बघता काम सुरू होतं. "नको" म्हणायचं बटणही नव्हतं. अशी पट्टी गिऱ्हाइकाला अडवते आणि तुम्हाला कायद्याचं संरक्षणही देत नाही. दोन्हीकडून तोटा.

मग मी ताईंना विचारलं, फेसबुकवर जाहिरात शेवटची कधी केली? "मागच्या वर्षी." अ‍ॅनालिटिक्स शेवटचं कधी उघडलं? "तुम्ही शिकवलंत ना, त्या दिवशी." दोन्ही काढून टाकलं. किती ऑर्डर आल्या, कुठली वस्तू जास्त गेली, हे वूकॉमर्सच्या स्वतःच्या अहवालात दिसतंच. उरल्या त्या कार्ट आणि लॉग-इन चालवायला लागणाऱ्या कुकी. त्यांच्यासाठी युरोपच्या कडक नियमांतही परवानगी मागावी लागत नाही. परवानगी मागण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून पट्टी गेली. क्रम लक्षात ठेवा: पट्टी काढायची असेल तर आधी ती ज्यासाठी आहे ते काढा. उलटं करू नका. माहिती गोळा करणं चालू आणि पट्टी गायब, हे चुकीचं आहे.

तुम्ही जाहिराती करत असाल आणि पिक्सेल हवाच असेल, तर पट्टी ठेवा, पण खरी ठेवा. दोन ओळी मराठीत, "चालेल" आणि "नको" ही दोन सारख्या आकाराची बटणं, आणि "चालेल" दाबेपर्यंत पिक्सेल सुरू होऊ द्यायचा नाही. आपल्याकडचा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. आत्तापासून सवय लावलेली बरी. आणि जे फराळ जर्मनी-नेदरलँड्सला पाठवतात, साइटवर "युरोपात डिलिव्हरी" लिहून युरोत भाव देतात, त्यांनी युरोपचा नियम आपल्याला लागू आहे असंच धरावं आणि एकदा जाणकाराचा सल्ला घ्यावा. नुसती युरोपातून कोणी साइट उघडली म्हणून तो लागू होत नाही.

काढताना होणारी चूक

बरेच जण प्लगइन न काढता फक्त फोनवर लपवतात. सीएसएसमध्ये `display: none` लिहिलं की दिसायचं बंद. पण मागे त्याचा सगळा कोड गिऱ्हाइकाच्या डेटावर उतरतच राहतो. आणि त्याहून वाईट एक गोष्ट होते. पडदाभर पॉपअप उघडला की तो मागचं पान गोठवतो, सरकू देत नाही. तुम्ही पॉपअप लपवलात तरी गोठवणं चालूच राहतं. गिऱ्हाइकाला पॉपअप दिसत नाही, फुली दिसत नाही, आणि पान मात्र सरकत नाही. "साइट हँग होते" अशी तक्रार आली आणि पाचेक सेकंदांनी पान गोठत असेल, तर हेच बघा. म्हणून फोनवर नको असेल तर प्लगइनच्या सेटिंगमधूनच फोनसाठी बंद करा. कुठेच नको असेल तर प्लगइन निष्क्रिय करून काढून टाका. चॅट किंवा पिक्सेलचा कोड थीममध्ये हाताने चिकटवलेला असेल तर तोही शोधून काढा. मग कॅश साफ करा, नाहीतर गिऱ्हाइकाला जुनंच पान दिसत राहील. आणि परत तोच कोरा फोन, तेच वीस सेकंद. पण तो फोन आता कोरा राहिलेला नाही, आधी ब्राउझरमधून साइटचा डेटा पुसा.

शेवटी नियम एकच

फोनवर एका वेळी एकच गोष्ट तरंगेल. कुकीची पट्टी खरंच लागत असेल तर ती आधी, आणि तिचं उत्तर मिळेपर्यंत बाकी कोणीही बाहेर यायचं नाही. वस्तूच्या पानावर तळाची कड फक्त खरेदीच्या बटणाची. नवीन काही बसवायचं असेल तर आधी सांगा, कोणाला उठवून?

ऑर्डर किती वाढल्या, असं तुम्ही विचारालच. ताईंच्या ऑर्डर वाढल्या, पण मधे गणपती आले, त्यामुळे श्रेय कोणाचं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. एवढ्या छोट्या दुकानात दोन-चार आठवड्यांच्या आकड्यांवरून तसं सांगता येतही नाही. जे नक्की दिसलं ते हे: "बटण दाबलं जात नाही" असे फोन बंद झाले, आणि व्हॉट्सअपवर येणाऱ्या निरोपांत वस्तूचं नाव असतं. शेंगदाण्यांचा प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईंना ताईंनी स्वतः ईमेल पाठवून उत्तर दिलं. उशीर झाला होता, पण दिलं.

आता तुमची पाळी. आज संध्याकाळी घरातल्या कोणाचा तरी फोन मागा, वीस सेकंद मोजा, आणि किती जण आडवे आले ते खाली कमेंटमध्ये लिहा. कुठलं ठेवायचं यावर अडलात तर त्या वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवा, पुढच्या व्हिडिओत त्यातलेच दोन-तीन घेऊ.